प्रिंटर चालतो, मेल उघडत नाही

कराडला माझ्या मामेभावाचा छापखाना आहे. ऐन लग्नसराईत एका सकाळी त्याचा फोन आला. आदल्या संध्याकाळी त्याने इंटरनेटची जोडणी बदलून घेतली होती. जुन्या कंपनीचा माणूस त्यांचा राउटर काढून घेऊन गेला आणि नव्या कंपनीच्या माणसाने फायबरची वायर ओढून भिंतीवर नवा राउटर बसवला. सगळ्यांचे मोबाइल वायफायवर लगेच चालू झाले. फक्त ज्या कॉम्प्युटरवर पत्रिकांचं डिझाइन होतं, त्याच्यावर मेल उघडेना.

"दादा, गंमत अशी की त्याच मशीनवरून प्रिंट निघतेय. हिशोबाच्या कॉम्प्युटरला त्याच्यातल्या फाइली दिसतायत. बाहेरचं तेवढं काही उघडत नाही."

रात्री गावातला एक दुरुस्तीवाला येऊन पाहून गेला होता. विंडोज नव्याने टाकावं लागेल, एक दिवस जाईल, असं त्याने सांगितलं होतं. छापखान्यात एक दिवस जाणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. त्यात वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट, त्यांचे परवाने, जुनी सॉफ्टवेअर, सगळं पुन्हा बसवायचं. ते मला पटेना. बिघाड विंडोजमध्ये नाही, याचा पुरावा त्याने स्वतःच फोनवर दिला होता.

मी आधी एवढंच विचारलं की प्रिंटर कॉम्प्युटरला यूएसबीच्या वायरने जोडलाय की नेटवर्कच्या. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. यूएसबीचा प्रिंटर चालण्याशी नेटवर्कचा संबंध नसतो, त्यामुळे त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याचा प्रिंटर नेटवर्कवर होता. म्हणजे कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड, त्याचा ड्रायव्हर, वायर, मधला स्विच आणि विंडोजमधली नेटवर्कची यंत्रणा हे सगळं ठीक होतं. शंका उरली ती एकाच गोष्टीची: बाहेर जाणारी माहिती नेमकी कुठे नेऊन द्यायची, हे त्या कॉम्प्युटरला बरोबर ठाऊक आहे का?

लग्नपत्रिका वाटतानाचंच उदाहरण घ्या. गावातल्या पत्रिका घरातलं कोणीतरी हाताने नेऊन देतं. परगावच्या पत्रिका आपण पोस्टात टाकतो. नागपूरचा पाहुणा नेमका कुठे राहतो याच्याशी वाटणाऱ्या पोराला काही देणंघेणं नसतं. त्याला दोनच गोष्टी माहीत असाव्या लागतात: हा पत्ता गावातला आहे की नाही, आणि नसेल तर पोस्ट कुठे आहे. कॉम्प्युटरही प्रत्येक वेळी हाच निवाडा करतो. त्याचं पोस्ट म्हणजे गेटवे. घरात किंवा छोट्या ऑफिसात हे काम राउटर करतो. आणि कुठल्या पत्त्याची पत्रिका कोणत्या दाराने न्यायची, याची जी यादी कॉम्प्युटर जवळ बाळगतो, ती राउटिंग टेबल.

भावाला मी काळी खिडकी उघडायला सांगितली. विंडोजमध्ये स्टार्ट दाबून `cmd` टाइप केलं की ती येते. तिथे `ipconfig` लिहून एंटर दाबल्यावर त्याने जे वाचून दाखवलं, त्यातल्या कामाच्या ओळी या:

```
IPv4 Address. . . . . . . . . . . : 192.168.1.50
Subnet Mask . . . . . . . . . . . : 255.255.255.0
Default Gateway . . . . . . . . . : 192.168.1.1
```

पहिली ओळ कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता सांगते. दुसरी गावाची वेस ठरवते. मास्कमध्ये जिथे 255 आहे, तिथला आकडा आपल्या पत्त्याशी तंतोतंत जुळायला हवा. जिथे 0 आहे, तिथे काहीही चालतं. म्हणजे `192.168.1` ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता या कॉम्प्युटरच्या लेखी गावातला. प्रिंटरचा पत्ता `192.168.1.20`, म्हणून तो गावातला आणि गेटवेला न विचारता थेट गाठण्याजोगा. तिसरी ओळ पोस्टाची.

दुरुस्तीवाल्यानेही बहुधा हाच पडदा पाहिला असणार. तिन्ही जागा भरलेल्या आहेत, कुठे काही रिकामं नाही, म्हणून सेटिंग बरोबर आहे असं त्याने धरलं. पण जागा भरलेली असणं वेगळं आणि त्या पत्त्यावर खरोखर कोणी राहत असणं वेगळं.

मग `route print -4` ही आज्ञा दिली. शेवटचा `-4` लावला की फक्त नेहमीच्या चार आकड्यांच्या पत्त्यांची यादी येते आणि पडदा आटोपशीर राहतो. यादीतल्या दोनच ओळी इथे देतो, बाकीच्या कॉम्प्युटरच्या अंतर्गत कामाच्या असतात:

```
Network Destination   Netmask         Gateway       Interface     Metric
          0.0.0.0     0.0.0.0         192.168.1.1   192.168.1.50     281
      192.168.1.0     255.255.255.0   On-link       192.168.1.50     281
```

ही यादी वाचण्याचा नियम एकच आहे: ज्या ओळीचा मास्क सर्वांत काटेकोर आणि तरीही पत्ता जुळतो, ती ओळ जिंकते. प्रिंटरकडे निघालेली माहिती दोन्ही ओळींत बसते, पण दुसरी ओळ जास्त नेमकी, म्हणून ती लागू होते. तिथे गेटवेच्या जागी `On-link` लिहिलंय. अर्थ असा की मध्यस्थ नको, स्वतः नेऊन दे. आता `8.8.8.8` घ्या. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता. लक्षात ठेवायला सोपा, म्हणून चाचणीला बरा पडतो. तो दुसऱ्या ओळीत बसत नाही. पहिल्या ओळीत मात्र बसतो, कारण तिच्या मास्कमध्ये सगळी शून्यं आहेत, म्हणजे तिची अटच काही नाही. जगातला कुठलाही पत्ता तिच्यात बसतो. हिलाच डीफॉल्ट रूट म्हणतात. जे दुसरीकडे कुठे बसलं नाही, ते सगळं हिच्या गेटवेकडे जातं.

छापखान्याच्या बाबतीत ते जात होतं `192.168.1.1` कडे. मी त्याला हाच पत्ता पिंग करून बघायला सांगितला. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्यावर छोटी हाक मारायची आणि ओ येते का ते पाहायचं.

```
Pinging 192.168.1.1 with 32 bytes of data:
Reply from 192.168.1.50: Destination host unreachable.
```

"दादा, रिप्लाय येतोय की! खाली लॉस शून्य टक्के लिहिलंय."

इथे भलेभले फसतात. विंडोज अशी उत्तरंही 'मिळाली' म्हणून मोजतं आणि खालच्या हिशोबात `0% loss` दाखवतं. पण ओळ नीट वाचा. उत्तर आलंय `192.168.1.50` कडून, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरकडून. पोरगा पत्रिका हातात घेऊन परत आलाय आणि सांगतोय की तिथे कोणी नाही.

त्याला हे कसं कळतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. गेटवेचा आयपी पत्ता माहीत असून भागत नाही. वायरीवरून खरी देवघेव होते ती नेटवर्क कार्डाच्या जन्मजात पत्त्यावर, ज्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. म्हणून कॉम्प्युटर आधी सगळ्या नेटवर्कवर आरोळी देतो: `192.168.1.1` कोणाचा पत्ता आहे, तुझा मॅक सांग. ज्याचा असेल तो उत्तर देतो. या पद्धतीचं नाव एआरपी. डेव्हिड प्लमर यांनी ती १९८२ साली मांडली आणि आजही घरोघरी तीच चालते. उत्तर आलं की कॉम्प्युटर त्या मॅकच्या नावाने पाकीट सोडतो. पाकिटाच्या आत पोहोचायचा पत्ता मात्र `8.8.8.8` हाच राहतो. गेटवेचा आयपी पत्ता त्या पाकिटावर कुठेच लिहिला जात नाही. त्याचा उपयोग फक्त मॅक विचारण्यापुरता. `192.168.1.1` या नावाने ओ देणारं छापखान्यात कोणी उरलंच नव्हतं, म्हणून पाकीट कॉम्प्युटरच्या बाहेरच पडत नव्हतं.

`arp -a` केल्यावर तेही दिसलं. या आज्ञेने कॉम्प्युटरला ठाऊक असलेल्या शेजाऱ्यांची यादी येते. त्यात प्रिंटर होता, हिशोबाचा कॉम्प्युटर होता, `192.168.1.1` नव्हता.

मग नवा राउटर कुठल्या पत्त्यावर होता? त्याच्या मोबाइलमध्ये वायफायच्या नावावर दाबून तपशील उघडला, तर गेटवे `192.168.1.254`. मोबाइलना तो आपसूक कळला होता, कारण त्यांना पत्ता, मास्क आणि गेटवे राउटरच वाटतो. त्या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. डिझाइनच्या कॉम्प्युटरला मात्र कोणीतरी काही वर्षांपूर्वी हे सगळं हाताने भरून दिलं होतं. त्याला कारणही रास्त होतं. हिशोबाचा कॉम्प्युटर त्याच्यातल्या फाइली पत्त्यावरून शोधतो, तो पत्ता रोज बदलून चालणार नाही. हाताने भरलेलं पान राउटर बदलला तरी बदलत नाही. म्हणून बिघाड एकाच कॉम्प्युटरला आला.

याची खूण टेबलमध्येही होती. शेवटच्या रकान्यातला 281 हा आकडा पाहा. त्या रकान्याला मेट्रिक म्हणतात. दोन ओळी सारख्याच नेमक्या असतील तर ज्या ओळीचा आकडा लहान, ती जिंकते. साध्या गिगाबिट वायरीवर विंडोज १० मध्ये राउटरने दिलेल्या डीफॉल्ट रूटला सहसा 25 असतो. हाताने भरलेल्याला त्यात 256 मिळवून 281. शिवाय यादीच्या तळाशी `Persistent Routes` या शीर्षकाखाली हाच गेटवे पुन्हा लिहिलेला होता. या शीर्षकाखाली येतं ते कोणीतरी कायमचं म्हणून नोंदवलेलं. मशीन कितीदाही बंद-चालू केलं तरी ते जात नाही.

दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत. `ncpa.cpl` चालवून इथरनेटचे गुणधर्म उघडले, त्यात `Internet Protocol Version 4` निवडलं आणि गेटवेच्या जागी `192.168.1.254` लिहिलं. `ping 192.168.1.254` ला एका मिलिसेकंदाच्या आत उत्तर. `ping 8.8.8.8` लाही उत्तर आलं. भाऊ खूश झाला, ब्राउझर उघडला, आणि मेल पुन्हा उघडेना.

हा दुसरा अडथळा याच बिघाडाबरोबर हटकून येतो, म्हणून सांगतो. नावाने पिंग केल्यावर पडद्यावर आलं:

```
Ping request could not find host google.com. Please check the name and try again.
```

आकड्याचा पत्ता गाठता येतो आणि नावाचा येत नाही, म्हणजे रस्ता सुरळीत आहे, नावावरून आकडा सांगणारी वही मिळत नाहीये. ती वही म्हणजे डीएनएस. जुन्या माणसाने हाताने सेटिंग भरताना गेटवेच्या खालच्या डीएनएसच्या जागेतही राउटरचाच पत्ता लिहिला होता, तोच `192.168.1.1`. तिथेही नवा पत्ता घातला आणि मेल उघडली. रात्रभर अडकलेला पत्रिकांचा मजकूर एकदम खाली आला.

या सगळ्यात माझ्या मते सर्वांत उपयोगी धडा पिंगच्या उत्तरांचा आहे. बाहेरच्या पत्त्याला पिंग करताना विंडोज जे नेमके शब्द वापरतं, त्यावरून पाकीट कुठवर पोहोचलं ते कळतं. `General failure` आलं तर बहुधा टेबलमध्ये बाहेरची ओळच नाही. गेटवेची जागा रिकामी राहिली की असं होतं. स्वतःच्याच पत्त्याकडून `Destination host unreachable` आलं तर ओळ आहे, पण त्या गेटवेवर कोणी ओ देत नाही. छापखान्यात हेच झालं. राउटरच्या पत्त्याकडून `Destination net unreachable` आलं तर पाकीट राउटरपर्यंत पोहोचलं, त्यालाच पुढचा रस्ता नाही. मग कॉम्प्युटरला हात न लावता इंटरनेट कंपनीला फोन करा. आणि `Request timed out` आलं तर पाकीट गेलं पण परतीचं उत्तर आलं नाही. या शेवटच्यावरून लगेच निष्कर्ष काढू नका, कारण काही यंत्रं पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. आधी गेटवेला पिंग करा, मग बाहेरचे दोन-तीन वेगवेगळे पत्ते बघा.

टेबलमध्ये आणखी दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघाव्यात. पहिली, `0.0.0.0` ची ओळ एकाऐवजी दोनदा असणं. वायर आणि वायफाय दोन्ही चालू असले की असं होतं, आणि ते चुकीचंच असतं असं नाही. पण वायर अशा स्विचला जोडलेली असेल जिथे फक्त प्रिंटर आहे, आणि तरीही त्या जोडणीत कोणी गेटवे भरून ठेवला असेल आणि तिचा मेट्रिक लहान असेल, तर सगळी बाहेरची माहिती त्या आंधळ्या गल्लीत जाते. तिथला गेटवे पुसून टाकायचा. स्थानिक प्रिंटरला त्याची गरजच नसते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. ऑफिसच्या कामासाठी व्हीपीएन वापरणाऱ्यांच्या टेबलमध्ये कधीकधी `0.0.0.0` आणि `128.0.0.0` अशा दोन ओळी दिसतात आणि दोन्हींचा मास्क `128.0.0.0` असतो. पत्त्यांचं सगळं जग त्यांनी अर्ध्या-अर्ध्या भागात वाटून घेतलेलं असतं. शून्य मास्कच्या ओळीपेक्षा त्या जास्त नेमक्या, म्हणून डीफॉल्ट रूट जागेवर असूनही कोणी तो वापरत नाही. ओपनव्हीपीएन हे सॉफ्टवेअर ही युक्ती जाणूनबुजून वापरतं, मूळ ओळीला धक्का न लावता सगळी वाहतूक स्वतःकडे वळवायला. पण व्हीपीएन अर्धवट बंद पडलं आणि त्या ओळी मागे राहिल्या, तर प्रिंटर चालतो, राउटर पिंगला उत्तर देतो आणि बाहेरचं काहीच उघडत नाही. व्हीपीएन नीट बंद करून मशीन पुन्हा चालू केलं की त्या सहसा जातात.

आणखी एक सावधगिरी. आता बऱ्याच जोडण्यांवर आयपीव्ही६ ही नवी पत्तापद्धतही चालते, आणि तिचा गेटवे कॉम्प्युटरला राउटरकडून बहुधा आपोआप कळतो. त्यामुळे जुना गेटवे मेलेला असूनही यूट्यूबसारख्या काही साइट उघडतात आणि बाकीच्या उघडत नाहीत, असं विचित्र चित्र दिसू शकतं. नावाने पिंग करताना `ping -4` असं लिहिलं तर ही सरमिसळ होत नाही.

मॅक आणि लिनक्सवरही यादी हीच, आज्ञा वेगळ्या. मॅकवर `netstat -rn`, लिनक्सवर `ip route`. तिथे `default` या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधायची आणि तिच्यातला पत्ता मोबाइलमधल्या गेटवेशी ताडून पाहायचा. मोबाइल त्याच वायफायवर आहे ना, याची मात्र आधी खात्री करा. तो सिमच्या डेटावर असेल तर ताडणी फुकट.

भावाचं एक काम मी बाकी ठेवलं नाही. डिझाइनच्या कॉम्प्युटरला हाताने दिलेला 50 हा आकडा नवा राउटर एखाद दिवशी कोणा पाहुण्याच्या मोबाइललाही देऊन बसू शकला असता आणि मग दोघांचंही बिनसलं असतं. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता त्या कॉम्प्युटरच्या मॅकच्या नावाने राखून ठेवला आणि कॉम्प्युटरवरची हाताने भरलेली सगळी माहिती काढून ते काम राउटरवर सोपवलं. पत्ता तोच राहिला, हिशोबाच्या मशीनला फाइली पहिल्यासारख्याच दिसत राहिल्या, आणि पुढे या राउटरचा पत्ता बदलला तरी गेटवे मागे पडणार नाही. राउटरच बदलला, तर एवढी एक राखीव नोंद नव्या राउटरमध्ये पुन्हा करावी लागेल.

तुमच्याकडे नवी जोडणी बसवायला माणूस येणार असेल, तर जुना राउटर भिंतीवरून उतरायच्या आधी प्रत्येक कॉम्प्युटरवर `ipconfig /all` चालवा आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यात `DHCP Enabled` समोर `No` लिहिलेलं दिसलं, तर तो कॉम्प्युटर त्या माणसाला दाखवा आणि तो चालू झाल्याशिवाय त्याला जाऊ देऊ नका.